इंडक्शनची सिद्धता बरोबर दिसते, पण विधान खोटं निघतं: बिघाड नेमका कुठे शोधायचा

तक्रार दोन रूपांत येते. पहिलं रूप असं: सिद्धता ओळीओळीने पटते, बीजगणितात काही खोट दिसत नाही, शेवटी "म्हणून P(n) सर्व नैसर्गिक संख्यांसाठी सत्य" असं लिहिलेलं असतं, आणि कुणी सहज n = 4 घालून पाहिलं की सगळं कोसळतं. दुसरं रूप जास्त चिडचिड करायला लावणारं. विधान खरंच असतं, अगदी पुस्तकातलं असतं, तरी तपासणारा निम्मे मार्क कापतो आणि मुलगा विचारतो, "सर, उत्तर तर आलंय, मग चुकलं काय?"

अकरावीच्या पहिल्या ओळखीपासून इंजिनिअरिंगच्या डिस्क्रीट मॅथ्सपर्यंत हे दुखणं तेच राहतं, आणि बहुतेक वेळा त्याचं मूळ दोन जागी सापडतं. एक तर पाया, म्हणजे बेस केस, तपासलेलाच नसतो किंवा चुकीच्या जागी तपासलेला असतो. नाहीतर k वरून k + 1 वर जाणाऱ्या पायरीत, जे सिद्ध करायचंय तेच गुपचूप वापरलेलं असतं. दोन्ही शोधायला हुशारी फारशी लागत नाही, पद्धत लागते.

## आधी मोडणारा सर्वात लहान n शोधा

सिद्धता वाचायला घेण्याआधी विधानात n = 0, 1, 2, 3, 4, 5 घालून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे. विधान कुठेतरी मोडलं, तर ज्या सर्वात लहान n ला मोडलं तो आकडा लिहून ठेवा. बिघाडाचा पत्ता तोच सांगतो.

का, ते पाहू. समजा विधान n = 1 पासून मांडलंय आणि ते पहिल्यांदा n = 4 ला मोडतं. म्हणजे P(3) खरं आहे आणि P(4) खोटं. पण सिद्धता तर म्हणते की P(3) खरं असेल तर P(4) खरं असतंच. म्हणून त्या सर्वसाधारण k वाल्या पायरीत k = 3 घातलं, तर कुठल्यातरी ओळीत खऱ्यावरून खोट्यावर उडी मारलेली, किंवा खोटं आधीच गृहीत धरलेलं, दिसलंच पाहिजे. आणि मोडणारा सर्वात लहान n हाच सुरुवातीचा आकडा असेल, तर पायरीकडे बघायचीही गरज नाही. पायाच खोटा आहे.

एवढं हातात ठेवून पुढे जाऊ. अक्षरात लिहिलेली पायरी डोळ्यांना फसवते, आकड्यात लिहिलेली सहसा फसवत नाही.

## पायाच नाही

हा दावा पाहा:

1 + 2 + 3 + … + n = (2n + 1)²/8

आणि ही त्याची "सिद्धता". समजा विधान k साठी खरं आहे. दोन्ही बाजूंना k + 1 मिळवू. उजवी बाजू अशी होते:

(2k + 1)²/8 + (k + 1)
= (4k² + 4k + 1 + 8k + 8)/8
= (4k² + 12k + 9)/8
= (2k + 3)²/8

आणि 2(k + 1) + 1 म्हणजे 2k + 3 च. म्हणून P(k + 1) खरं. सिद्ध झालं.

यातली एकही ओळ चुकीची नाही. पायरी शंभर टक्के निर्दोष आहे. तरी n = 1 घातलं की डावीकडे 1 आणि उजवीकडे 9/8. n = 2 ला 3 आणि 25/8, n = 3 ला 6 आणि 49/8. दर वेळी बरोबर 1/8 चा फरक. कारण सरळ आहे: (2n + 1)²/8 उलगडलं तर ते n(n + 1)/2 + 1/8 निघतं, म्हणजे खरं सूत्र अधिक एक अष्टमांश.

बेरजेच्या सूत्रांत पायरी फक्त एकच गोष्ट तपासते: n एकाने वाढला की उजवी बाजू नेमकी पुढच्या पदाइतकी वाढते का. सूत्रात कुठलीही स्थिर संख्या मिळवली तरी ही वाढ बदलत नाही. 1/8 मिळवा, 5 मिळवा, 500 मिळवा, पायरी तशीच पार पडेल. अनंत खोट्या सूत्रांतून एक खरं सूत्र वेगळं काढायचं काम फक्त पाया करतो. "n = 1 साठी उघड आहे" म्हणून जी ओळ सोडून दिली जाते, तिच्यात सिद्धतेचा निम्मा मजकूर असतो.

भाज्यतेच्या उदाहरणांतही असंच. "10ⁿ + 1 ला 9 ने निःशेष भाग जातो" हा दावा घ्या. 10ᵏ + 1 = 9m मानलं, तर

10ᵏ⁺¹ + 1 = 10(10ᵏ + 1) − 9 = 90m − 9 = 9(10m − 1)

पायरी पुन्हा निर्दोष. पण 11, 101, 1001 यांतल्या एकालाही 9 ने भाग जात नाही; अंकांची बेरीज कायम 2, म्हणून बाकी कायम 2. इथे पायरी एवढंच सांगते की k वरून k + 1 वर गेलं तरी भाग जाण्या-न जाण्याची अवस्था बदलत नाही. ती अवस्था कोणती, हे पायाने सांगायचं.

प्रत्येक वेळी निसटणारी गोष्ट मिळवलेली स्थिर संख्याच असते असं मात्र समजू नका. टॉवर ऑफ हनोईचं कोडं (एदुआर लुका या फ्रेंच गणितज्ञाने ते १८८३ मध्ये आणलं) घ्या. n चकत्यांसाठी लागणाऱ्या चाली T(n) मानल्या, तर T(n + 1) = 2T(n) + 1. खरं उत्तर T(n) = 2ⁿ − 1. आता कुणी T(n) = 3·2ⁿ − 1 असं म्हणालं तर? पायरी: 2(3·2ᵏ − 1) + 1 = 3·2ᵏ⁺¹ − 1. पार! इथे 5 मिळवून पाहिलं असतं तर पायरी अडली असती, पण 3 ने गुणलेलं चाललं. एका चकतीला एकच चाल लागते, T(1) = 1, हे तपासल्यावरच तो गुणक 1 आहे असं ठरतं. 3·2 − 1 म्हणजे 5 चाली एका चकतीला कुणी करणार नाही.

पाया तपासताना उत्तरपत्रिकेत काय बघायचं? डावी बाजू स्वतंत्र, उजवी बाजू स्वतंत्र काढलेली आहे का. "n = 1 साठी 1 = 1, म्हणून सत्य" एवढ्यावर विश्वास ठेवू नका, कारण हे 1 आले कुठून ते दिसत नाही. विशेषतः (n + 1) + (n + 2) + … + 2n = n(3n + 1)/2 अशा सूत्रांत. n = 1 ला डावीकडे एकच पद आहे, ते म्हणजे 2. पुष्कळ मुलं तिथे सवयीने 1 पासून बेरीज सुरू करतात, मग ती उजव्या बाजूशी जुळत नाही, आणि मग ती ओळ खोडून "उघड आहे" असं लिहितात.

## पाया आहे, पण पायरी त्याला लागत नाही

हा प्रकार जास्त लपलेला असतो, कारण उत्तरात पाया दिसतो आणि तो खराही असतो. दावा: सर्व n ≥ 1 साठी 2ⁿ > n².

पाया: n = 1 ला 2 > 1. बरोबर.
पायरी: 2ᵏ⁺¹ = 2·2ᵏ > 2k² ≥ (k + 1)². म्हणून सिद्ध.

आता आधीचं काम करू. हाताने करा किंवा कॉम्प्युटरला सांगा:

```python
for n in range(1, 8):
    print(n, 2**n, n*n, 2**n > n*n)
```

n = 2 ला 4 आणि 4 समान, n = 3 ला 8 आणि 9, n = 4 ला पुन्हा 16 आणि 16. 5 पासून पुढे खरं. मोडणारा सर्वात लहान n आहे 2, म्हणून पायरीत k = 1 घाला: 2² = 2·2 > 2·1 = 2, इथपर्यंत ठीक. पुढे "2 ≥ 4". सापडलं. 2k² ≥ (k + 1)² ही ओळ k² − 2k − 1 ≥ 0 असेल तरच खरी, म्हणजे k ≥ 3 साठीच.

म्हणजे पाया 1 वर उभा आहे आणि पायरी 3 पासून सुरू होते. मधे भगदाड. बरं, 3 पासून सुरू करावं तर P(3) च खोटं आहे. पाया आणि पायरी दोन्ही एकत्र जिथे पहिल्यांदा जमतात ती जागा 5. म्हणून दुरुस्ती फक्त "k ≥ 3" एवढं लिहून होत नाही. विधानच "n ≥ 5" असं करावं लागतं आणि पाया 32 > 25 असा द्यावा लागतो.

पायरीतल्या प्रत्येक असमानतेच्या बाजूला ती कोणत्या k साठी खरी आहे ते पेन्सिलीने लिहायची सवय लावून घ्या. त्यातला सर्वात मोठा आकडा पायाच्या आकड्याहून मोठा निघाला, तर मधली विधानं हाताने तपासल्याशिवाय सिद्धता पुरी नाही. पाया 1 च असला पाहिजे असा कुठलाही नियम नाही, हेही सांगायला हवं, कारण क्लासमध्ये तो असल्यासारखा शिकवला जातो. पास्कलने १६५४ च्या सुमारास लिहिलेल्या आणि त्याच्या मृत्यूनंतर १६६५ मध्ये छापलेल्या अंकत्रिकोणावरच्या ग्रंथात पाया आणि पायरी दोन वेगळ्या विधानांत मांडलीत, आणि तिथे पाया त्रिकोणाच्या दुसऱ्या ओळीवर आहे. पहिल्या ओळीत तुलना करायला दोन पदंच नाहीत.

याच घराण्यातला दुसरा नमुना: "सर्व फिबोनाची संख्या सम असतात." पाया F₀ = 0, सम. पायरी: k पर्यंत सगळ्या सम मानल्या, तर F(k + 1) = F(k) + F(k − 1), दोन समांची बेरीज सम. मोडणारा सर्वात लहान n आहे 1, म्हणून k = 0 घाला: F(1) = F(0) + F(−1). F(−1) आपण दिलेलाच नाही. पायरी दोन पावलं मागे बघते, म्हणून पायेही दोन लागतात, आणि दुसरा, F₁ = 1, विषम. पुनरावृत्ती किती मागे जाते ते मोजा, तितके पाये मागा.

## सिद्ध करायचं तेच आधी लिहिलंय

आता दुसरा आजार. दावा: सर्व n ≥ 1 साठी n! ≤ 2ⁿ.

पाया: 1 ≤ 2. हवं तर आणखी दोन घ्या: 2 ≤ 4, 6 ≤ 8. तिन्ही खरे.

पायरी, जशी लिहिली जाते तशी:

समजा k! ≤ 2ᵏ. आता (k + 1)! ≤ 2ᵏ⁺¹ हे दाखवायचंय.
(k + 1)! ≤ 2ᵏ⁺¹
पण k! ≤ (k + 1)!
म्हणून k! ≤ 2ᵏ⁺¹
आणि हे खरं आहे, कारण गृहीतकानुसार k! ≤ 2ᵏ आणि 2ᵏ < 2ᵏ⁺¹.
म्हणून P(k + 1) सत्य.

घाईत वाचलं तर पटतं. गृहीतक वापरलंय, असमानता सगळ्या बरोबर आहेत, शेवटची ओळ निःसंशय खरी आहे. पण 4! = 24 आणि 2⁴ = 16. मोडणारा सर्वात लहान n आहे 4, तर k = 3 घालून तीच सिद्धता आकड्यांत उतरवू:

24 ≤ 16
पण 6 ≤ 24
म्हणून 6 ≤ 16
आणि हे खरं आहे, कारण 6 ≤ 8 आणि 8 < 16.

पहिली ओळ खोटी, शेवटची खरी. खोट्यापासून निघून खऱ्याला पोचता येतं, त्यात तर्काचा काही नियम मोडत नाही. म्हणूनच शेवटची ओळ खरी असल्याने पहिली खरी ठरत नाही. सिद्धता उलट दिशेने चालली आहे.

तपासायची रीत: खालून वर वाचा. शेवटच्या ओळीवरून तिच्या वरची ओळ निघते का? k! ≤ 2ᵏ⁺¹ वरून (k + 1)! ≤ 2ᵏ⁺¹ निघतं का? नाही, कारण (k + 1)! हे k! च्या k + 1 पट आहे. जिथे वर चढता येत नाही, तिथे सिद्धता तुटलेली. असमानतेत मोठ्या राशीच्या जागी लहान ठेवणं, दोन्ही बाजूंचा वर्ग करणं, शून्य असू शकेल अशा राशीने गुणणं, या तीन ठिकाणी परतीचा रस्ता सहसा बंद असतो.

आणि रस्ता उघडा असेल तर? उदाहरणार्थ, पहिल्या n विषम संख्यांची बेरीज n². मुलगा लिहितो: "k² + (2k + 1) = (k + 1)², म्हणून k² + 2k + 1 = k² + 2k + 1, म्हणून सत्य." इथे प्रत्येक ओळ उलटी वाचता येते, त्यामुळे गणित म्हणून यात खोटं काही नाही, प्रत्येक ओळीत "तरच आणि तरच" असं लिहिलं असतं तर चाललं असतं. काही तपासनीस यालाही पूर्ण मार्क देतात. माझं मत विचाराल तर ते पुन्हा लिहून घ्यावं. बेरजेच्या सूत्रांत ही सवय खपून जाते, आणि तोच मुलगा असमानतेकडे गेला की वरच्या 24 ≤ 16 सारखं काहीतरी करून बसतो. डावी बाजू घ्यायची, तिला एका साखळीत उजवीकडे न्यायचं, आणि उजवी बाजू शेवटच्या ओळीत पहिल्यांदा दिसली पाहिजे. एवढा एक नियम पाळला की ही चूक करायला जागाच उरत नाही.

## विधान खरं आहे, मग मोडणारा n कुठून आणायचा?

आतापर्यंतची युक्ती खोट्या दाव्यांवर चालते. परीक्षेतले दावे बहुतेक खरे असतात, तिथे मोडणारा n सापडणारच नाही. तेव्हा पायरीतला मजकूर उचलून एखाद्या धडधडीत खोट्या दाव्यावर बसवून पाहायचा.

हे उत्तर घ्या: "P(k + 1): 1 + 2 + … + (k + 1) = (k + 1)(k + 2)/2. सूत्रात n = k + 1 ठेवल्यावर हे मिळतं. म्हणून P(k + 1) सत्य." आता दावा बदला, बेरीज n³ आहे म्हणा. "P(k + 1): 1 + 2 + … + (k + 1) = (k + 1)³. सूत्रात n = k + 1 ठेवल्यावर हे मिळतं. म्हणून सत्य." शब्दन् शब्द चालला. ज्या पायरीतून काहीही पार होतं, त्या पायरीत सिद्धता नाही. योग्य पायरी इथे अडली असती: k³ + (k + 1) हे (k + 1)³ असावं लागतं, आणि k = 1 ला ते 3 = 8 होतं. n³ साठी पायाही खरा आहे बरं का, 1 = 1³. त्यामुळे इथे पाया वाचवायला येत नाही, पायरीनेच अडवायला हवं.

खोटा दावा निवडताना एक काळजी घ्या: तो खऱ्यापेक्षा फक्त स्थिर संख्येने वेगळा असू नये. मघाशी पाहिलं तसं, तो योग्य पायरीतूनही पार होतो, आणि मग तुम्ही चांगल्या सिद्धतेला उगाच चक्राकार ठरवाल.

भाज्यतेच्या उदाहरणांत निष्कर्ष गृहीत धरणं आणखी बेमालूम असतं. दावा: 7ⁿ − 3ⁿ ला 4 ने भाग जातो. पाया 7 − 3 = 4, ठीक. पायरी अशी येते:

P(k + 1): 7ᵏ⁺¹ − 3ᵏ⁺¹ = 4m, जिथे m पूर्णांक
7·7ᵏ − 3·3ᵏ = 4m
7(7ᵏ − 3ᵏ) + 4·3ᵏ = 4m
गृहीतकानुसार 7ᵏ − 3ᵏ = 4m
28m + 4·3ᵏ = 4m
दोन्ही बाजूंना 4 ने भाग जातो, म्हणून सत्य.

विधान खरं, बीजगणिताची फोड खरी, गृहीतकही वापरलंय. पण पहिल्याच ओळीत m पूर्णांक आहे असं म्हणून भाग जातो हेच मान्य करून टाकलंय. वर तोच m गृहीतकातही वापरलाय. k = 1 घाला: गृहीतकातून 7 − 3 = 4, म्हणजे m = 1. मग पाचवी ओळ म्हणते 28 + 12 = 4, म्हणजे 40 = 4. प्रत्यक्षात 7² − 3² = 49 − 9 = 40 आहे, डावी बाजू बरोबर आली, उजवीकडचं 4m मात्र कुठूनच आलेलं नाही.

दुरुस्ती छोटी आहे. पहिल्या ओळीतलं "= 4m" खोडा. फक्त डावी बाजू ठेवा:

7ᵏ⁺¹ − 3ᵏ⁺¹ = 7(7ᵏ − 3ᵏ) + 4·3ᵏ = 7·4m + 4·3ᵏ = 4(7m + 3ᵏ)

आता m कुठून आला ते स्पष्ट आहे: गृहीतकातून, आणि फक्त तिथूनच. नवा पूर्णांक 7m + 3ᵏ शेवटच्या ओळीत तयार झाला. k = 1 ला तो 7 + 3 = 10, आणि 4 × 10 = 40. जुळलं. भाज्यतेची कुठलीही सिद्धता तपासताना हेच विचारा: k + 1 साठीचा पूर्णांक कमावलेला आहे का, की पहिल्या ओळीत फुकट घेतलाय?

गृहीतक मांडणाऱ्या ओळीवरही नजर टाका. "समजा P(k) सर्व k साठी सत्य आहे" असं लिहिलं असेल तर पुढे वाचण्यात अर्थ नाही, कारण k सर्व असतील तर k + 1 ही त्यात आलाच, आणि सिद्ध करायला काही उरलं नाही. "एखाद्या k ≥ 1 साठी" हवं. प्रबळ इंडक्शनमध्ये "1 ते k पर्यंतच्या सर्वांसाठी" चालतं, कारण तिथे k च्या पुढे कुणी जात नाही. बऱ्याचदा हा फक्त लिहिण्यातला निष्काळजीपणा असतो आणि पुढची पायरी नीट असते. तेव्हा मी मार्क कापत नाही, गोल करून ठेवतो. पण पुढच्या ओळींत k + 1 साठीचं सूत्र "गृहीतकावरून" आलेलं दिसलं, तर तो निष्काळजीपणा नव्हता.

## दुरुस्त सिद्धता एकदा यातून काढू

मघाचा मोडका दावा उलटा केला की खरा होतो: n ≥ 4 साठी n! > 2ⁿ.

पाया: 4! = 24, 2⁴ = 16, 24 > 16.
पायरी: एखाद्या k ≥ 4 साठी k! > 2ᵏ माना. मग

(k + 1)! = (k + 1)·k! > (k + 1)·2ᵏ ≥ 2·2ᵏ = 2ᵏ⁺¹

गृहीतक एकाच ठिकाणी वापरलंय, पहिल्या ">" पाशी. k + 1 साठीची उजवी बाजू शेवटी पहिल्यांदा दिसते. बाजूला पेन्सिलीने लिहायचं तर k + 1 ≥ 2 ला k ≥ 1 पुरे, आणि पाया 4 वर आहे, म्हणजे मधे भगदाड नाही. k = 4 आकड्यांत: 120 = 5·24 > 5·16 = 80 ≥ 32. वरून खाली प्रत्येक ओळ खरी.

हीच पायरी k = 1, 2, 3 लाही चालते, तरी विधान n = 1, 2, 3 ला खोटं आहे: 1 आणि 2, 2 आणि 4, 6 आणि 8. पाया न देता ही सिद्धता कुणी लिहिली असती, तर "सर्व n साठी" असं म्हणायला तिला कुणी अडवलं नसतं.

एक मर्यादा मात्र आहे. मोडणारा n पहिल्या पाच-सातात सापडेलच असं नाही. n² + n + 41 ही राशी n = 0 पासून 39 पर्यंत दर वेळी मूळ संख्या देते आणि n = 40 ला 1681, म्हणजे 41 × 41, देते. म्हणून सुरुवातीचे आकडे जुळले तर त्यातून सिद्धता बरोबर आहे असं ठरत नाही. तिथे पायरी खालून वर वाचणं आणि खोटा दावा बसवून पाहणं, हीच दोन कामं करावी लागतात.